एका कागदावर दोन नोटिसा: दुकानदार काकांना पत्र कसं लिहायचं

प्रश्न: काकांचं गावठाणात किराणा दुकान आहे. महापालिकेची दोन पानी नोटीस आलीय. परवान्याचं नूतनीकरण केलेलं नाही, आणि दुकानापुढचा ओटा, पत्र्याची शेड, बाहेर ठेवलेला माल हे अतिक्रमण आहे, सात दिवसांत काढा, असं काहीसं. नोटिशीवर तारीख ३ जून, काकांच्या हातात पडली काल, ९ जूनला. काका सातवीपर्यंत शिकलेत. चष्मा लावून चारदा वाचली आणि कपाटात ठेवून दिली. चुलतभाऊ काकांजवळच असतो, पण मी बेंगळुरूला नोकरीला, लगेच जाता येणार नाही. त्यांना समजेल असं पत्र लिहायचंय, काय लिहू?

उत्तर:

मी महापालिकेत बावीस वर्षं काढली. बहुतेक परवाना विभागात, मधली सहा अतिक्रमण विभागात. आता व्यापाऱ्यांचे अर्ज लिहून देतो. अशी नोटीस घेऊन येणारा माणूस जवळजवळ नेहमी एकच वाक्य बोलतो, "दुकान बंद करायला सांगितलंय." नोटिशीत तसं कुठेच नसतं. एका कागदावर दोन निरनिराळ्या विभागांचं म्हणणं छापलेलं असतं आणि खाली एकच सही असते, म्हणून वाचणाऱ्याला ती एकच मोठी धमकी वाटते. परवाना विभाग म्हणतो अर्ज करा, अतिक्रमण विभाग म्हणतो काढून घ्या. काकांचं खरं अडलंय ते इथे. पत्रात हे दोन धागे वेगळे करून दिलेत, तर बाकीचं ते स्वतः करतील. दुकान चालवणाऱ्या माणसाला कामं जमतात, भाषा जमत नाही.

पत्राआधी तुम्ही नोटीस नीट वाचा. दोन्ही पानांचे फोटो मागवा, मागच्या बाजूसकट. बजावणी करणाऱ्याची सही आणि तारीख बरेचदा मागेच असते, आणि मुदत त्या तारखेपासून मोजायची असते. नोटिशीत "नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत" असं असेल, तर मिळाल्याचा दिवस सोडून मोजा. म्हणजे १६ जून हा शेवटचा दिवस. ३ तारखेपासून मोजून मुदत संपली असं काका धरून बसले असतील, तर कागद कपाटात गेला याचं मला नवल वाटत नाही. मागची तारीख ९ च आहे ना, एवढं मात्र बघा. शिपायाने आधीची तारीख टाकून दारावर चिकटवल्याचा शेरा मारला असेल, तर त्याच तारखेवरून चला. वाद नंतर घालता येतो.

मग कलमं बघा. मुंबई सोडून बाकी महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. (मुंबईचा कायदा १८८८ चा, कलमांचे आकडे वेगळे. नगरपालिकांचा १९६५ चा.) ३७६ आणि ३८६ दिसलं की ते परवान्याचं. २२९, २३०, २३१ दिसलं की रस्त्यावरच्या वस्तूंचं आणि बांधकामाचं. २६० किंवा ४७८ दिसलं की परवानगीशिवाय केलेल्या बांधकामाचं. या शेवटच्या दोन गटांतला फरक काकांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. बांधकाम स्वतःच्या जागेत पण परवानगीशिवाय असेल, तर आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. रस्त्यावर असेल, तर कलम २३१ खाली आयुक्त विना नोटीस काढू शकतात. म्हणजे २३१ असूनही नोटीस आली असेल, तर ती एका अर्थी सवड आहे, आणि तिच्यावर भांडून फार काही हाती लागत नाही.

यावर कोणीतरी हमखास सांगेल, "सुप्रीम कोर्टाने पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केलीय, सात दिवसांची चालतच नाही." १३ नोव्हेंबर २०२४ चा तो निकाल खरा आहे. पण त्याच निकालात म्हटलंय की रस्ता, गल्ली, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. शेजारचा कापडवाला हा निकाल मोबाइलवर दाखवेल, तेव्हा काकांना हे आधीच माहीत असलेलं बरं.

तेव्हा प्रश्न उरतो तो ओटा नक्की कुठे आहे याचा. हे बंगलोरहून कळत नाही, पण चुलतभावाकडून अर्ध्या तासात कळेल. सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे मिळकत पत्रिका, काढायला सांगा आणि टेपने दुकान मोजायला सांगा, भिंतीच्या बाहेरच्या अंगाने. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका किराणावाल्याचं उदाहरण घ्या. पत्रिकेवर क्षेत्र ३२.५ चौरस मीटर. दुकानाची रुंदी ३.६ मीटर, खोली ९ मीटर, गुणाकार ३२.४. म्हणजे पुढची भिंत हीच त्याच्या जागेची हद्द. शटरच्या बाहेर पाऊल टाकलं की रस्ता. त्याचा तीन फुटी ओटा वडिलांच्या काळापासूनचा होता, खालून गटार वाहत होतं, आणि त्याला मनापासून वाटत होतं की ओटा आपला आहे. गावठाणात बहुतेकदा असंच निघतं, कारण जुन्या इमारती हद्दीला टेकूनच बांधलेल्या असतात.

गुणाकार पत्रिकेपेक्षा बराच कमी आला, समजा २८, तर मात्र थांबा. साडेचार चौरस मीटर जागा कुठेतरी उरलीय, ती पुढे असेल किंवा मागच्या बोळात. अशा वेळी मंजूर नकाशा लागतो आणि पक्कं उत्तर नगर भूमापन कार्यालयाच्या मोजणीनेच मिळतं. तेव्हा नोटिशीला "ही जागा आमच्या हद्दीत आहे, मोजणीचा अर्ज केला आहे, प्रत सोबत जोडली आहे" असं उत्तर द्यावं. ओटा हद्दीत निघाला तरी बांधकामाची परवानगी होती का, हा प्रश्न राहतोच. आणि एका मिळकतीत चार गाळे असतील, तर पत्रिकेवरचं क्षेत्र चौघांचं मिळून असतं. एका गाळ्याचा गुणाकार करून आनंद मानू नका.

घरपट्टीची पावती हा पुरावा नव्हे. "आम्ही ओट्याची पण पट्टी भरतो" हे मी शेकडो वेळा ऐकलं. अनधिकृत बांधकामावर कर आणि शास्ती दोन्ही लागतात, आणि ते भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. रस्त्यावर माल ठेवल्याचा दंड भरल्याची पावतीही तशीच. ती त्या दिवसापुरती असते, उद्या माल ठेवायची मुभा नसते.

आता परवान्याचा भाग. इथे आधी बघायचं की हा कुठला परवाना. बरेच दुकानदार गुमास्ता काढून दाखवतात. तो कामगार खात्याचा विषय आहे. २०१७ च्या कायद्यानंतर छोट्या दुकानाला नुसती ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते. खाद्यपदार्थांची नोंदणी अन्न खात्याची, तीही वेगळी. महापालिकेचा व्यवसाय परवाना कलम ३७६ खालचा असतो आणि तो सगळ्याच धंद्यांना लागत नाही, ठरलेल्या यादीतल्या धंद्यांना आणि साठ्यांना लागतो. काकांकडे जुना परवाना असेल तर त्यावर धंद्याचं नाव असेल. तेच नोटिशीत आहे का ते बघा. नसेल, तर अर्जाबरोबर तेवढं विचारून घ्या.

नूतनीकरणात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. परवान्यावर दिलेल्या तारखेच्या आत अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत परवाना चालू आहे असं धरून धंदा करता येतो. कलम ३८६ मध्येच तशी तरतूद आहे. तारीख उलटल्यावर अर्ज केला, तर हे संरक्षण मिळत नाही. काकांची मुदत ३१ मार्चला संपली असेल, तर एप्रिलपासून ते विनापरवाना आहेत. दर दिवसाने बाजू कमकुवत होते, विलंब शुल्क वाढतं ते निराळंच. म्हणून हा अर्ज आधी. ओट्याचं काय व्हायचं ते होवो, त्यासाठी याला थांबवायचं नाही.

खिडकीवर कदाचित सांगतील, "आधी अतिक्रमण काढा, मग अर्ज घेतो." अतिक्रमण न करणं ही परवान्याची अट असू शकते, आणि अट मोडली म्हणून परवाना निलंबित करायचा अधिकारही त्यांना आहे. पण तो निर्णय अर्जावर लेखी व्हायला हवा, खिडकीवर तोंडी नव्हे. अर्ज ऑनलाइन भरा किंवा नागरी सुविधा केंद्रात द्या, क्रमांक घ्या. सर्वात जास्त अडतं ते घरपट्टीच्या थकबाकीवर आणि नावावर. परवाना वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर नुसतं नूतनीकरण मागू नका, त्याच अर्जात नाव बदलून मागा. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीपत्र लागेल.

आणि दोन अर्ज, दोन वेगळ्या कागदांवर. एका व्यापाऱ्याने एकाच कागदावर लिहिलं होतं, "अतिक्रमण काढण्यास मुदत मिळावी व परवान्याचे नूतनीकरण करावे." कागद अतिक्रमण विभागात गेला, तिथे फाइलला लागला. परवाना विभागाच्या लेखी त्याने अर्जच केला नव्हता. चार महिन्यांनी दंडाचा कागद आला तेव्हा त्याला कळलं. आवक शिक्का त्याच्याकडे होता, पण चुकीच्या विभागाचा.

आता पत्र. टपालाने पाठवू नका, मुदत टपालातच जाईल. मोठ्या अक्षरात हाताने लिहा, फोटो चुलतभावाला पाठवा, आणि छापून गल्ल्याजवळ लावायला सांगा. कलमांचे आकडे पत्रात घालू नका, काकांना त्यांचा उपयोग नाही. मी असं लिहिलं असतं (परवाना काकांच्या नावावर आहे, मोजमाप वरच्या उदाहरणासारखंच निघालं, असं धरून):

"ती. काकांस सा. नमस्कार.

नोटीस पूर्ण वाचली. दुकान बंद करा असं तिच्यात कुठेही नाही. दोन गोष्टी आहेत. एक, आपल्या परवान्याची मुदत ३१ मार्चला संपली, तो परत करून घ्यायचा आहे. दुसरी, शटरच्या बाहेर जे जे आहे ते रस्त्यावर आहे असं त्यांचं म्हणणं आहे, ते काढायचं आहे. तुमच्या हातात कागद ९ तारखेला पडला, म्हणून १६ जूनपर्यंत वेळ आहे. ३ तारीख बघून मुदत गेली असं समजू नका.

उद्या सकाळी दुकान उघडताना फ्रीज, पोती आणि बरण्यांचा स्टँड बाहेर मांडूच नका. गाडी आली तर आधी हाच माल उचलतात, आणि तो सोडवायला दंड आणि वाहतुकीचा खर्च भरावा लागतो. दुकानात अडचण होईल, पण हे आठ दिवस तेवढं सोसा.

१२ तारखेला दादाला घेऊन सुविधा केंद्रात जा. बरोबर जुना परवाना, या वर्षीची घरपट्टीची पावती, आधार, पॅन, दुकानाचा फोटो आणि नोटिशीची झेरॉक्स घ्या. फक्त परवान्याचा अर्ज द्या. ओट्याचा विषय तिथे काढू नका. पैसे भराल त्याची पावती आणि अर्जाचा नंबर घेतल्याशिवाय निघू नका.

१३ तारखेला वायरमन बोलवून शेडखालचा दिवा आणि बोर्डाची वायर काढून घ्या. मग १४ ला शेड आपण आपल्या माणसाकडून उतरवू. पत्रे आणि पाइप आपल्याला राहतील. त्यांच्या मशीनने ओढलं की शटरची पेटीही वाकते.

ओट्याचं सांगताना मला जड जातंय. आजोबा संध्याकाळी तिथेच बसायचे. पण दादाने माप घेतलं, आपली जागा भिंतीपाशी संपते. ओटा गटारावर आहे. तो वाचवण्यात पैसे घालवू नका. गवंडी लगेच मिळणार नाही, म्हणून ओट्यापुरती पंधरा दिवसांची मुदत लेखी मागू. तो अर्ज मी लिहून पाठवतो, तुम्ही सही करून १६ च्या आत अतिक्रमण विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या.

कोणी 'साहेबांना सांगून मिटवतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, मला फोन लावा.

तुमचा, (नाव)"

पत्र एवढंच ठेवा. आता त्यातल्या काही गोष्टी मी अशा का लिहिल्या ते सांगतो, म्हणजे तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदलता येतील.

मुदत फक्त ओट्यासाठी मागितलीय. माल आणि शेड काढून झाल्यावर मागितलेली मुदत अधिकाऱ्याला खरी वाटते. मी त्या खुर्चीत असताना काहीच न हलवता आलेले "तीन महिने मुदत मिळावी" असे अर्ज वाचायचो आणि बाजूला ठेवायचो. शेड गेलेली दिसली, फोटो जोडलेला असला, की पंधरा दिवस द्यायला हात कचरत नसे. तरी मुदत देणं त्यांच्या मर्जीवर आहे. अर्ज दिला म्हणजे मुदत मिळाली असं काकांना वाटू देऊ नका.

त्या अर्जाची भाषा साधी ठेवा. नोटिशीचा जावक क्रमांक आणि दिनांक लिहा. मग "नोटिशीतील शेड व बाहेरील साहित्य आम्ही दि. १४ जून रोजी स्वतः काढून घेतले आहे, छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ओटा काढण्यासाठी गवंडी ठरवला असून दि. १ जुलैपर्यंत मुदत मिळावी." बस. "नोटीस खोटी आहे" लिहू नका, आणि "आमच्याकडून चुकून अतिक्रमण झाले" असंही लिहू नका. काय केलं आणि काय करणार तेवढं लिहा. फोटो एकाच जागेवरून काढा, आधीचा आणि नंतरचा, दोन्हींत शटर आणि शेजारचं दुकान दिसेल असे. नुसत्या रिकाम्या भिंतीचा फोटो कुठलाही असू शकतो.

ओटा गेल्यावर लगेच दुसरी अडचण येते, आणि तिचा विचार आधी कोणी करत नाही. दुकानाची जमीन रस्त्यापासून दीड फूट उंच असेल, तर गिऱ्हाईक चढणार कसं? लोक बाहेर सिमेंटच्या दोन पायऱ्या बांधतात आणि सहा महिन्यांत पुन्हा नोटीस येते. लोखंडी सरकती पायरीही रस्त्यावरच असते, तिला लेखी परवानगी नसेल तर ती कधीही उचलली जाऊ शकते. माझा सल्ला पायऱ्या आत घेण्याचा. दीड फूट म्हणजे अठरा इंच. सहा-सहा इंचांचे तीन चढ केले तर मध्ये दोन पायऱ्या येतात, दहा-दहा इंचांच्या. म्हणजे शटरच्या आत वीस इंच जमीन खणावी लागेल, तीही पूर्ण रुंदीत नको, तीन फूट रुंद पुरते. काउंटर थोडं मागे किंवा बाजूला सरकेल. गवंडी ओटा फोडायला येईल तेव्हाच हे करून घ्या, दोनदा धूळ नको. मात्र दुकान भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती आधी घ्या, आणि जमिनीखालून पाण्याची किंवा विजेची लाइन गेली आहे का ते बघा. मीटरची पेटी शेडच्या खांबावर किंवा बाहेरच्या भिंतीवर असेल, तर वायरमनला तिला हात लावू देऊ नका. तिच्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि त्याला लागणारे दिवस धरूनच मुदत मागा.

फोडलेल्या ओट्याचा राडारोडा गटारात पडू देऊ नका. जून आहे. पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबलं तर पुढची नोटीस त्याची. पोत्यांत भरून लगेच उचलायला लावा. पावसात माल भिजतो म्हणून काका शेडऐवजी काहीतरी मागतीलच. भिंतीला अडकवलेला, खांब नसलेला, गुंडाळता येणारा पडदा हा त्यातल्या त्यात बरा पर्याय, पण तोही रस्त्यावर येतो, म्हणून आधी लेखी परवानगी मागा. काही ठिकाणी पावसाळ्यापुरती देतात, काही ठिकाणी साफ नाकारतात.

अर्जाच्या क्रमांकावर काही हालचाल झाली नाही, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. कोणत्या सेवेला किती दिवस आणि अपील कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावलेलं असतं. दादाला १२ तारखेला गेल्यावर त्या फलकाचाही एक फोटो काढून आणायला सांगा. मापं आली की इथे टाका, गुणाकार काय येतो ते बघून ओट्याचा परिच्छेद तसाच ठेवायचा की बदलायचा ते सांगतो.